झिप की टार-जीझिप? मोठा प्रोजेक्ट फोल्डर जपून ठेवताना काय निवडावे

विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून एखाद्या फोल्डरवर उजवी क्लिक केली, की पूर्वीच्या एकट्या झिपच्या जागी झिप, सेव्हन-झेड आणि टार असे तीन पर्याय समोर येतात. अधिक पर्याय उघडले, तर टारबरोबर जीझिप, बीझिप२, एक्सझेड, झेडस्टँडर्ड अशी आणखी नावे दिसतात. बहुतेक जण सवयीने झिप निवडतात, आणि चार-सहा कागदपत्रे ईमेलने पाठवायची असतील तर ते योग्यच असते. प्रश्न उभा राहतो तो पूर्ण झालेल्या प्रकल्पाचा फोल्डर काही वर्षांसाठी बाजूला ठेवायचा असतो तेव्हा. त्यात हजारो लहान फाइली असतात, काही चालवण्याजोग्या स्क्रिप्ट असतात, एका फाइलीकडून दुसरीकडे नेणारे दुवे असतात आणि जोडीला फोटो-व्हिडिओंचा ढीग असतो. अशा फोल्डरसाठी फॉरमॅट निवडताना केवळ 'कोणती फाइल लहान होते' एवढेच पाहिले, तर काही वर्षांनी तो फोल्डर उघडेल, पण चालणार नाही, अशी वेळ येऊ शकते.

## बांधणे वेगळे आणि दाबणे वेगळे

या सगळ्या नावांच्या मागे दोन स्वतंत्र कामे आहेत. पहिले काम म्हणजे अनेक फाइली, त्यांची नावे, तारखा आणि परवानग्या यांसह एकाच फाइलीत बांधणे. अशा बांधलेल्या फाइलीला आर्काइव्ह म्हणतात. दुसरे काम म्हणजे मजकूर कमी जागेत मावेल असा दाबणे, म्हणजेच कॉम्प्रेस करणे.

टार फक्त पहिले काम करते. १९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ते आले, आणि चुंबकीय टेपवर फाइली एकामागून एक लिहिण्यासाठी ते बनवलेले होते. त्यामुळे नुसती `.tar` फाइल मूळ फोल्डरपेक्षा थोडी मोठीच असते. जीझिप याच्या नेमके उलट आहे. जाँ-लू गेयी आणि मार्क अ‍ॅडलर यांनी १९९२मध्ये आणलेला हा प्रोग्राम फक्त दाबतो, आणि त्याला एका वेळी एकच फाइल कळते. दोघे एकत्र आले की `.tar.gz` तयार होते. झिप मात्र दोन्ही कामे स्वतःच करते. फिल कॅट्झ यांच्या पीकेझिपमधून १९८९मध्ये ते प्रसिद्ध झाले.

झिप आणि जीझिप यांच्या आत दाबण्याची रीत बहुधा एकच असते. तिचे नाव डिफ्लेट. रीत एकच असूनही निकाल वेगळे का येतात, याचे उत्तर कामांच्या क्रमात आहे. झिप प्रत्येक फाइल आधी स्वतंत्रपणे दाबते आणि मग बांधते. टार-जीझिपमध्ये आधी सगळे बांधले जाते आणि मग ती संपूर्ण मोळी एकसलग दाबली जाते. पुढे येणारे बहुतेक गुणदोष या एका फरकातून निघतात.

## वहीतले 'वरीलप्रमाणे'

डिफ्लेटची मुख्य युक्ती दुकानातल्या उधारीच्या वहीतल्या 'वरीलप्रमाणे'सारखी आहे. एकदा पूर्ण लिहिलेला मजकूर पुन्हा आला, की तो परत न लिहिता 'इतक्या अक्षरांमागे पाहा, तिथून इतकी अक्षरे घ्या' एवढीच नोंद केली जाते. टार-जीझिप ही अशी एक सलग वही आहे. झिपमध्ये मात्र प्रत्येक फाइलीसाठी नवी कोरी वही उघडली जाते, आणि आधीच्या वहीत काय लिहिले होते याचा तिथे उपयोग करता येत नाही.

प्रोजेक्ट फोल्डरमध्ये याचा मोठा परिणाम होतो, कारण सोर्स कोडच्या फाइली एकमेकींसारख्या असतात. शेकडो फाइलींच्या डोक्यावर परवान्याची तीच टिप्पणी असते, त्याखाली त्याच `import`च्या ओळी असतात आणि पुढे त्याच नावांची फंक्शने असतात. एक-दोन किलोबाइटच्या फाइलीत झिपला मागे वळून पाहण्यासारखे फारसे काही सापडतच नाही.

याखेरीज एक खर्च सहसा लक्षात येत नाही. समजा, फोल्डरमध्ये ८०,००० फाइली आहेत आणि मार्गासह प्रत्येकीचे नाव सरासरी ६० अक्षरांचे आहे. झिप प्रत्येक फाइलीची नोंद दोनदा ठेवते. फाइलीच्या आधी ३० बाइट अधिक नाव आणि शेवटच्या यादीत ४६ बाइट अधिक नाव, म्हणजे एका फाइलीमागे किमान १९६ बाइट होतात. ८०,००० फाइलींचे मिळून ते सुमारे १५.७ मेगाबाइट भरतात, आणि या नोंदी दाबल्या जात नाहीत. टारचा खर्च वरवर पाहता याहून बराच जास्त आहे. प्रत्येक फाइलीला ५१२ बाइटची नोंद लागते, आणि फाइलीचा शेवट ५१२च्या पटीत आणण्यासाठी सरासरी २५६ बाइट शून्ये भरावी लागतात, म्हणजे एकूण सुमारे ६१ मेगाबाइट. परंतु हा सगळा भाग जीझिपच्या हातून जातो आणि त्यात मुख्यतः शून्ये व पुनरावृत्त नावे असल्यामुळे त्यातला फारच थोडा शिल्लक राहतो.

फाइलींच्या संख्येचा आणखी एक मुद्दा आहे. मूळ झिपमध्ये ६५,५३५पेक्षा जास्त फाइली आणि ४ गिगाबाइटपेक्षा मोठे आर्काइव्ह मावत नाही. या मर्यादा झिप६४ या विस्ताराने उठवल्या आणि आजचे प्रोग्राम तो आपोआप वापरतात. जुना अनझिप प्रोग्राम अशा फाइलीपुढे अडतो, इतकेच ध्यानात ठेवावे.

## जीझिपची नजर किती मागे पोहोचते?

सलग वही असली, तरी जीझिप सगळी वही मागे चाळत नाही. डिफ्लेटला फक्त मागचे ३२ किलोबाइट दिसतात. लागून असलेल्या लहान फाइलींना ते पुरते. मात्र फोल्डरमध्ये पाच मेगाबाइटच्या डेटाबेस फाइलीच्या दोन हुबेहूब प्रती असतील, तर जीझिपला त्या सारख्या आहेत हे कळतच नाही, कारण दुसरी प्रत येईपर्यंत पहिलीची सुरुवात नजरेआड गेलेली असते. प्रकल्पात 'जुने', 'अंतिम', 'अंतिम-२' अशा प्रती साठलेल्या असतात, हे काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि नवे फॉरमॅट तिथेच पुढे जातात.

एक्सझेड नेहमीच्या पातळीवर ८ मेगाबाइट आणि सर्वांत वरच्या पातळीवर ६४ मेगाबाइट मागे पाहते. यान कोले यांनी फेसबुकमध्ये विकसित केलेले आणि २०१६मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेले झेडस्टँडर्ड `--long=27` हा पर्याय दिला की १२८ मेगाबाइट मागे पाहते. एक्सझेड सहसा सर्वांत लहान फाइल देते, पण दाबायला आणि उघडायलाही वेळ घेते. झेडस्टँडर्ड आकारात त्याच्या जवळ जाते आणि कितीही जोराने दाबले, तरी उघडताना वेग फारसा कमी होत नाही. मोठ्या फोल्डरसाठी माझी पसंती आज झेडस्टँडर्डला आहे. आर्काइव्ह एकदाच बांधले जाते, पण तपासण्यासाठी, यादी पाहण्यासाठी आणि एखादी फाइल काढण्यासाठी ते पुनःपुन्हा वाचावे लागते.

एक्सझेडविषयी २०२४च्या मार्चमधील बातमी अनेकांनी वाचली असेल. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी लपवून ठेवलेला घातक कोड आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने उघडकीस आणला होता. तो दोष त्या दोन आवृत्त्यांच्या प्रोग्राममध्ये होता. `.xz` या फॉरमॅटमध्ये किंवा आधी बनवलेल्या आर्काइव्हमध्ये तो नव्हता.

## एकच फाइल हवी असेल, किंवा एक बाइट बिघडला असेल

सलग वहीची किंमतही मोजावी लागते. मधले पान फाटले, तर पुढचे 'वरीलप्रमाणे' निरर्थक होते. `.tar.gz`च्या मध्यावर डिस्कवरचा एक भाग खराब झाला, तर त्याआधीच्या फाइली सुरळीत निघतात, पण त्यानंतरचे बहुतेक सारे नेहमीच्या साधनांनी मिळत नाही. अशा वेळी `crc error` किंवा `invalid compressed data` असा संदेश येतो. झिपमध्ये तोच आघात ज्या फाइलीवर झाला तेवढीच जाते, आणि बाकीच्या निघतात.

डाउनलोड किंवा कॉपी अर्धवट राहिली, तर चित्र जरा वेगळे दिसते. झिपची संपूर्ण यादी फाइलीच्या अगदी शेवटी असते. शेपूट तुटले, की `End-of-central-directory signature not found` असा संदेश येतो आणि अनझिप एकही फाइल दाखवत नाही. पण घाबरून ती फाइल टाकून देऊ नये, कारण प्रत्येक फाइलीच्या आधी दुसरी नोंद असतेच आणि `zip -FF` तिच्या आधारे जे शिल्लक आहे ते परत बांधू शकते. टार-जीझिप तुटलेल्या ठिकाणापर्यंतच्या फाइली काढून देते आणि मग `Unexpected EOF in archive` म्हणून थांबते.

झिपच्या शेवटच्या यादीचा फायदा असा, की पन्नास हजार फाइलींतली एक हवी असेल, तर प्रोग्राम थेट तिच्या जागी उडी मारतो. टारमध्ये अशी यादी नाही. शेवटची फाइल काढायची असेल, तरी सुरुवातीपासून सगळे उलगडावे लागते. म्हणून ज्या साहित्यातून अधूनमधून एखादीच फाइल लागणार आहे, त्यासाठी झिप हेच योग्य उत्तर आहे.

## परवानग्या आणि दुवे

आकारापेक्षाही टारच्या बाजूने जाणारे मोठे कारण येथे आहे, आणि त्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. अँड्रॉइडच्या प्रकल्पात `gradlew` नावाची स्क्रिप्ट असते. लिनक्स किंवा मॅकवर ती चालण्यासाठी फाइलीला 'चालवण्याची परवानगी' असावी लागते, आणि `ls -l` केल्यावर ती `-rwxr-xr-x` अशी दिसते. टार ही परवानगी नेहमी नोंदवून ठेवते. लिनक्सवरचा झिप प्रोग्रामही ती एका जादा रकान्यात लिहितो, पण मधल्या टप्प्यावर कोणी विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये ते उघडून पुन्हा झिप केले, की ती परवानगी हरवते. मग `./gradlew` चालवल्यावर `Permission denied` हा संदेश येतो. एका स्क्रिप्टसाठी `chmod +x` पुरेसे आहे, पण अशा चाळीस स्क्रिप्ट असतील आणि मूळ प्रकल्प जाणणारे कोणी उरले नसेल, तर कोणत्या चाळीस हे शोधणे कठीण जाते.

दुव्यांची गोष्ट याहून फसवी आहे. सिमलिंक म्हणजे 'खरी फाइल तिकडे आहे' एवढेच सांगणारी नोंद. जावास्क्रिप्टच्या प्रकल्पात `node_modules/.bin`मध्ये असे दुवे भरलेले असतात. `zip -r` त्या दुव्यांच्या जागी खऱ्या फाइलीची प्रत ठेवते. त्यामुळे फोल्डर फुगतो, आणि ती प्रत नव्या जागेवरून शेजारच्या फाइली शोधू लागल्यामुळे स्क्रिप्ट मोडते. `-y` हा पर्याय दिला तर झिपही दुवा दुवा म्हणून ठेवते, पण तो पर्याय आठवणीने द्यावा लागतो. टारमध्ये दुवा काही न सांगता दुवाच राहतो.

झिपचा मूळ वेळरकाना दोन सेकंदांच्या टप्प्याने मोजतो आणि त्यात वेळक्षेत्र नसते, त्यामुळे पुण्यात बांधलेल्या फाइलींचे वेळ लंडनमध्ये उघडल्यावर चुकीचे ठरू शकतात. मराठीत नावे दिलेल्या फाइलींसाठी मात्र एक खूण अवश्य तपासावी. झिपमध्ये नाव यूटीएफ-८मध्ये आहे असे सांगणारी निशाणी असते. ती न लावणाऱ्या जुन्या प्रोग्रामने आर्काइव्ह बांधले असेल, तर 'ताळेबंद' हे नाव चौकोनांच्या आणि परकीय चिन्हांच्या रांगेसारखे दिसते. आतला मजकूर शाबूत असतो. बिघडलेले असते ते फक्त नाव.

## पण विंडोजवाल्यांना टार उघडता येते का?

येते. विंडोज १०च्या २०१८मधील १८०३ या आवृत्तीपासून `tar` ही आज्ञा विंडोजमध्येच आहे, आणि `tar -xf` लिहिले की `.tar.gz` उघडते. विंडोज ११चा एक्सप्लोरर २०२३पासून टार आणि सेव्हन-झेडही उघडतो. तरीही समोरची व्यक्ती छापखान्यातली किंवा हिशेब विभागातली असेल आणि तिला फक्त कागदपत्रे पाहायची असतील, तर झिपच पाठवावे. येथे प्रश्न साठवणुकीचा नाही, पोहोचवण्याचा आहे.

## मग सेव्हन-झेड का नको?

सेव्हन-झेड उत्तम दाबते, कारण तेही अनेक फाइली एकसलग घेते. विंडोजवरच राहणाऱ्या फोल्डरसाठी ते चांगले आहे. पण ते युनिक्समधील फाइलीचा मालक आणि गट नोंदवत नाही, आणि त्याच्या लिनक्सवरील आवृत्तीच्या माहितीपानातच या कारणासाठी ते बॅकअपला वापरू नये असा इशारा दिलेला आहे. त्यावर उपाय म्हणजे आधी टार करून मग सेव्हन-झेड करणे, पण मग त्याऐवजी टार आणि एक्सझेड ही जोडी सरळ पडते.

पासवर्ड हवा असेल, तर मात्र सेव्हन-झेडचा विचार जरूर करावा. झिपचा जुना पासवर्ड सहज फोडता येतो. एईएस वापरणारे नवे झिप आतला मजकूर सुरक्षित ठेवते, पण फाइलींची नावे उघडी राहतात. सेव्हन-झेडमध्ये नावेही झाकता येतात.

## एक फोल्डर प्रत्यक्ष बांधताना

समजा, एका दुकानाच्या संकेतस्थळाचा `dukan` नावाचा फोल्डर आहे. त्यात कोड आणि त्याचा गिटमधला इतिहास आहे, `web/node_modules`मध्ये साठ-सत्तर हजार लहान फाइली आहेत आणि `photos`मध्ये पाच गिगाबाइटची जेपेग छायाचित्रे आहेत. या सगळ्याला एकच फॉरमॅट लावण्याचा आग्रह सोडून द्यावा.

जेपेग आणि एमपी४ फाइली आधीच दाबलेल्या असतात. त्यांच्यावर झेडस्टँडर्ड किंवा एक्सझेड चालवून वेळ जातो, आकार जवळपास तोच राहतो. उलट, छायाचित्रांतले एखादेच पुढे कधीतरी लागते. म्हणून ती न दाबता झिपमध्ये ठेवावीत. `-0` म्हणजे फक्त बांध, दाबू नकोस.

```
zip -0 -r dukan-photos.zip dukan/photos
tar --exclude=dukan/photos --exclude=node_modules \
  -cf - dukan | zstd -T0 -12 --long=27 -o dukan-code.tar.zst
```

दुसऱ्या आज्ञेत कोड आणि गिटचा इतिहास टारमध्ये बांधला जातो आणि सरळ झेडस्टँडर्डकडे जातो. `-T0`मुळे प्रोसेसरचे सगळे गाभे कामाला लागतात. `--long`ला २७पेक्षा मोठा आकडा देण्याचा मोह टाळावा, कारण मग उघडणाऱ्यालाही तोच पर्याय द्यावा लागतो, आणि काही वर्षांनी ते कोणाला आठवणार नाही.

`node_modules` वगळावे की नाही, यावर मतभेद आहेत. `package-lock.json` असेल तर ते पुन्हा उतरवता येते, हे खरे आहे. पण ते ज्या ठिकाणाहून उतरते तिथे सगळे कायम राहीलच असे नाही. २०१६च्या मार्चमध्ये `left-pad` नावाचे काही ओळींचे पॅकेज त्याच्या कर्त्याने एनपीएमवरून काढून घेतले आणि जगभरातले अनेक प्रकल्प बांधले जाईनासे झाले. म्हणून दीर्घकाळ ठेवायच्या प्रकल्पात मी `node_modules`चे वेगळे `.tar.gz` करून शेजारी ठेवण्याच्या मताचा आहे. लागले नाही तर ते निर्धास्तपणे पुसता येते, आणि मुख्य आर्काइव्ह त्याच्या ओझ्यापासून मोकळे राहते.

पेन ड्राइव्हवर ठेवताना पाच गिगाबाइटचे झिप मध्येच अडते, असा अनुभव अनेकांना येतो. जागा मोकळी असूनही 'फाइल फार मोठी आहे' असा संदेश दिसतो. तो दोष झिपचा नाही. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने आखलेला असतो आणि तिथे एका फाइलीला ४ गिगाबाइटची मर्यादा असते. ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये आखून घ्यावा, किंवा छायाचित्रे वर्षवार दोन झिपांत विभागावीत.

## मूळ फोल्डर पुसण्याआधी

आर्काइव्ह तयार झाले म्हणजे ते नीट वाचता येते असे नाही. खालील आज्ञा पुढचा-मागचा मजकूर पूर्ण उलगडून तपासतात, टारला नसलेली यादी वेगळ्या फाइलीत लिहून ठेवतात आणि प्रत्येक फाइलीचा ठसा, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, नोंदवतात.

```
zstd -t dukan-code.tar.zst
unzip -tq dukan-photos.zip
tar -tvf dukan-code.tar.zst > dukan-code.list
sha256sum dukan-* > SHA256SUMS
```

ही यादी साध्या मजकुराची असल्याने पुढे कोणती फाइल कोठे आहे हे आर्काइव्ह न उलगडता शोधता येते, आणि त्यात परवानग्या व दुवेही दिसतात. `gradlew`सारख्या स्क्रिप्टच्या ओळीत `x` आहे ना आणि दुव्यांच्या ओळीत `->` आहे ना, हे तिथेच डोळ्यांखालून घालावे. ठशांची फाइल आर्काइव्हांसोबत प्रत्येक प्रतीत ठेवावी. वर्षातून एकदा त्या फोल्डरमध्ये `sha256sum -c SHA256SUMS` चालवले, की प्रत्येक नावापुढे `OK` किंवा `FAILED` येते. `FAILED` दिसले तर त्या प्रतीची दुरुस्ती करत बसू नये. दुसऱ्या डिस्कवरच्या प्रतीचा ठसा जुळतो का ते पाहून ती इकडे उतरवून घ्यावी. टार-झेडस्टँडर्डच्या सलग वहीमध्ये फाटलेले पान आतून जोडता येत नाही, म्हणून ही दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर असणे त्याच्या बाबतीत झिपपेक्षाही अधिक गरजेचे आहे.